साडेपाच फुटी दार आणि एआयने काढलेली ओटी : एका चित्राचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरीकडचं एक जुनं चिरेबंदी घर. मालकांना त्यातल्या दोन खोल्या आणि पुढची ओटी पाहुण्यांसाठी उघडायची होती. घराची डागडुजी करायची, नवं काही उभारायचं नाही, एवढं ठरलेलं. आमच्या ऑफिसकडे काम होतं मोजमाप, नकाशे आणि काम झाल्यावर ओटी कशी दिसेल याचं एक चित्र. चित्र एआयवर करायचं ठरलं, कारण ओटीची प्रत्येक कौल-वाशासकट त्रिमिती उभी करायला जितका वेळ लागला असता तितके पैसे या कामात नव्हते.

अडचण एका दारापाशी आली. ओटीवरून माजघरात जाणारं दार जमिनीपासून चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंत 168 सें.मी. आहे, म्हणजे साडेपाच फूट. त्यात उंबरा 12 सें.मी. उंच. जायला उरते 156 सें.मी.ची फट. पाच फूट एक इंचाची बाई उंबरा ओलांडून सरळ आत जाते, पावणेसहा फुटी माणूस वाकतोच. मालकांच्या पुण्यातल्या भाच्याचं म्हणणं होतं की चौकट काढून नेहमीची सात फुटी बसवावी, नाहीतर पाहुण्यांची डोकी फुटतील. मालक म्हणत होते, “अरे, वाकून आत शिरायचं म्हणूनच ती चौकट तेवढी ठेवलेली.” थोडक्यात, चित्र बघूनच निर्णय व्हायचा होता आणि चित्रात दार नेमकं तेवढंच दिसायला हवं होतं. थोडं मोठं आलं तर भाच्याची तक्रारच उरत नव्हती, लहान आलं तर मालक हरत होते.

पहिला प्रॉम्प्ट असा होता, कुणीही लिहील तसा:

```
old Konkan house verandah, laterite walls, clay tile roof,
grand carved wooden door, woman in saree standing, swing
```

चित्र देखणं आलं. तांबड्या चिऱ्याच्या भिंती, झोपाळा, उन्हाची तिरीप. आणि दार देवळाच्या महाद्वारासारखं. शेजारची बाई दाराच्या निम्म्याहून जरा वर, 55 टक्क्यांपर्यंत पोचत होती. ती 155 सें.मी.ची धरली तर दार 280 सें.मी.च्या वर जातं. सव्वानऊ फूट! त्या दाराला गडाचा दिंडी दरवाजा शोभला असता.

यातली एक चूक शब्दांची आहे. ‘ग्रँड’, ‘मॅजेस्टिक’, ‘स्पेशियस’ हे शब्द आपण कौतुक म्हणून लिहितो, चित्रकार प्रणाली ते आकार म्हणून वाचते. ज्या फोटोंखाली हे शब्द असतात ते राजवाड्यांचे, हवेल्यांचे, हॉटेलांच्या लॉबीचे असतात आणि तिथली दारं खरोखरच मोठी असतात. शब्द काढून टाकला की दार लगेच खाली येतं, पण येऊन थांबतं ते सात फुटांवर.

आकडा लिहिला तर

मग आमच्या ऑफिसातल्या मुलीने, जी हे काम बघत होती, सरळ आकडा लिहिला: `wooden door 5 feet 6 inches tall`. हे सगळ्यांनाच आधी सुचतं आणि गैर काही नाही, नकाशावर आपण तेच करतो. वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणाऱ्या वेगवेगळ्या आकड्यांवर, चित्रं काढली. बहुतेकांत बाई दाराच्या पाऊण उंचीला येत होती. मोजलं तर 74 टक्के. 155 ला 0.74 ने भागलं की 209 सें.मी. येतात, म्हणजे जगात सगळीकडे मिळणारं साधं सात फुटी दार. आकड्यामुळे हललं काहीच नव्हतं.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. ही प्रणाली शिकली ती फोटो आणि त्याखालच्या ओळी यांच्या जोड्यांवरून. दाराच्या फोटोखाली ‘जुनं लाकडी दार’, ‘निळं दार’ असं लिहिलेलं असतं, चौकटीची उंची कुणी लिहीत नाही. एखाद्या विक्रेत्याच्या पानावर आकडा असला तरी तिथला फोटो पांढऱ्या भिंतीवरच्या एकट्या दाराचा, शेजारी माणूस नाही. त्यामुळे ‘साडेपाच फूट’ या शब्दांना जोडलेलं असं काही रूप तिच्याजवळ नसतंच.

दुसरं कारण त्याहून मुळातलं. चित्रात फूट नसतात, चित्रात फक्त प्रमाणं असतात. एकट्या दाराचा फोटो बघून ते बाहुलीच्या घराचं आहे की खऱ्या घराचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. उंची कळते ती शेजारच्या ओळखीच्या वस्तूमुळे. म्हणून प्रॉम्प्टमध्ये संदर्भवस्तू द्यायची ती ‘दार इतक्या फुटांचं’ अशी न देता ‘दार माणसाच्या डोक्यापेक्षा इतकंच वर’ अशी द्यावी लागते. नात्याला चित्ररूप असतं, आकड्याला नसतं.

आपलं नेहमीचं सात फुटी दार असेल तर ही अडचण येतच नाही, असं कुणी म्हणेल. तिथे ती लपते, एवढंच. प्रणालीच्या डोक्यातलं सवयीचं दार आणि आपलं दार योगायोगाने एकच असतं. नव्या फ्लॅटच्या हॉलचं चित्र काढताना ‘सात फुटी दार’ असं लिहिल्यावर सगळं जुळलं, तर ते लिहिल्यामुळे जुळलं की आपोआप, हे तपासून बघण्यासारखं आहे. ती ओळ काढून तेच सीड परत चालवलं की लगेच कळतं.

उंबऱ्याची भानगड

तर नातं लिहायचं. पण कुठलं? पहिला विचार आला ‘दारात उभी बाई’. कोकणातल्या घराचं चित्र म्हणजे दारात उभी बाई, ठरलेलंच. इथे मात्र उंबरा आडवा आला. बाई दारात उभी म्हणजे प्रणालीच्या लेखी ती उंबऱ्यावरही उभी असू शकते, आणि मग ती 12 सें.मी. वर चढते. 155 आणि 12 मिळून 167. डोकं चौकटीला टेकलेलं. अशी चित्रं आलीही, आणि त्यांत दार मुळात ठेंगणं आहे की बाई उंबऱ्यावर चढली आहे, हे नऊवारीच्या घेरामुळे दिसेना. पाय झाकले गेले की माप गेलं. संदर्भ म्हणून उभ्या केलेल्या माणसाचे पाय आणि डोकं दोन्ही दिसलं पाहिजे, आणि पाय ज्या जमिनीवर आहेत त्याच जमिनीवर दार उभं पाहिजे.

म्हणून बाईला दाराच्या बाजूला, ओटीच्या जमिनीवर आणलं. 155 आणि 168 यांत फरक 13 सें.मी., म्हणजे वीतभरही नाही. तळहाताची रुंदी आणि थोडं वर. शिवाय एक दुसरी वस्तू ठेवली, पांढरी प्लास्टिकची खुर्ची. ही खुर्ची निवडण्यामागे कारण आहे. ती जगभर जवळजवळ एकाच घाटाची असते, प्रणालीने ती असंख्य फोटोंत माणसांसोबत पाहिलेली असते, आणि तिची बैठक साधारण 44 सें.मी.वर म्हणजे माणसाच्या गुडघ्याशी येते. मालकांना खुर्ची आवडली नाही. “तेवढी ती खुर्ची काढा हो,” असा निरोप आला. शेवटच्या चित्रातून काढलीच, पण माप जुळेपर्यंत ती तिथे हवी होती.

तुळशी वृंदावन, कळशी, दारची गाय, यांचा संदर्भ म्हणून काहीच उपयोग नाही. वृंदावन गुडघ्याएवढं असतं तसं छातीएवढंही असतं. प्रणाली त्याला हवं तेवढं ताणते आणि चित्र तरीही खरंच वाटतं.

प्रॉम्प्ट शेवटी असा झाला:

```
Eye-level photo of a modest Konkan house. A woman stands
flat on the verandah floor beside a low wooden door, feet
visible; the door frame is only a palm's width above her
head. White plastic chair next to her, seat at knee height.
Laterite walls, clay tile roof, wooden swing.
```

मापाचं वाक्य आधी आणि सजावट नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्या आणि एसडीएक्सएल मजकूर वाचायला क्लिप नावाची प्रणाली वापरतात, आणि तिच्या एका वाचनात 77 टोकनच, म्हणजे शब्दांचे तुकडेच, मावतात. लांबलचक प्रॉम्प्टचे पुढे तुकडे पडतात आणि नंतरच्या तुकड्यातली गोष्ट कमी मानली जाते, निदान आमचा अनुभव तसा आहे. नव्या प्रणाली लांब वाक्यं बऱ्या समजतात, पण महत्त्वाचं आधी सांगण्यात तिथेही तोटा नाही.

आता दार खाली आलं. सगळ्या चित्रांत नाही, पण चांगल्या संख्येने. बाई 88 ते 95 टक्क्यांच्या मध्ये पोचू लागली. हवे होते 92.

एक गंमत सांगायची राहिली. मधेच एका चित्रासाठी दारातून वाकून बाहेर येणारा पुरुष मागितला होता, `a man ducking under the lintel`. दार ठेंगणं करायला याच्याइतकी परिणामकारक ओळ दुसरी सापडली नाही. वाकलेली पाठ दिसली की दार लहान काढावंच लागतं. पण तो पुरुष प्रत्येक वेळी म्हातारा तरी यायचा नाहीतर पहिलवान. आणि वाकलेल्या माणसाची उंची मोजणार कशी? दार लहान आहे इतकं त्यातून कळतं, किती लहान ते कळत नाही. म्हणून तो सोडला.

अंगणातून बघताना

प्रमाण जुळलेल्या चित्रांतही काही चित्रं डोळ्याला खुपत होती. दार ठीक, दाराशेजारची बाई ठीक, पण दोन्ही मिळून लांबच्या खेळघरासारखी. मालकांना ते बोलून दाखवता येत नव्हतं, “काहीतरी बारकं वाटतंय” एवढंच म्हणत होते.

कारण जोत्यात होतं. ओटी अंगणापेक्षा 45 सें.मी. उंच आहे, पंधरा-पंधराच्या तीन पायऱ्या. फोटो काढणारा अंगणात उभा. त्याचा कॅमेरा अंगणापासून दीड मीटरवर धरला तर क्षितिजरेषाही अंगणापासून दीड मीटरवर येते, आणि ओटीच्या जमिनीपासून मोजली तर 105 सें.मी.वर. म्हणजे ओटीवरच्या बाईच्या कमरेच्या जरा वरून ती रेषा गेली पाहिजे. तिचं डोकं रेषेच्या चांगलं वर, 50 सें.मी. वर.

प्रणालीने पाहिलेल्या रस्त्यांच्या, खोल्यांच्या, समारंभांच्या फोटोंत सगळे एकाच जमिनीवर उभे असतात आणि कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर असतो. तिथे जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी एका ओळीत येतात. हीच सवय ती ओटीवर चालवते. अंगणातल्या माणसाचं डोकं आणि ओटीवरच्या बाईचं डोकं एका रेषेत. तसं झालं की भूमितीच्या हिशेबाने ती बाई 105 सें.मी.ची ठरते, चार-पाच वर्षांच्या पोरीएवढी, आणि तिच्या मापाने काढलेलं दारही त्याच पटीत आक्रसतं. 105 भागिले 0.92 म्हणजे 114 सें.मी.चं दार! शेजारशेजारचं प्रमाण बरोबर, पण अंगणाच्या हिशेबाने दोन्ही बुटकी. खेळघर वाटणारच.

पहिल्या देखण्या चित्राकडे परत गेलो तर तिथेही हेच दिसलं. बाईला 155 धरलं तर दार 280 च्या वर येत होतं, पण क्षितिजरेषेवरून मोजलं तर बाई 105 ची आणि दार 190 चं. एकाच चित्रात दोन मापपट्ट्या होत्या आणि त्या एकमेकींना खोटं पाडत होत्या.

हे तपासायला विशेष काही लागत नाही. ओटीच्या कडेच्या, जोत्याच्या थरांच्या अशा आत जाणाऱ्या आडव्या समांतर रेषा चित्रावर पट्टीने वाढवायच्या, त्या जिथे मिळतात त्या उंचीवर आडवी रेघ मारायची. ती क्षितिजरेषा. मग अंगणातल्या उभ्या माणसाला ती रेघ कुठे कापते ते बघायचं. 165 सें.मी.च्या माणसाच्या डोळ्यांशी कापत असेल तर कॅमेरा दीड मीटरच्या आसपास आहे. त्यातून जोत्याचे 45 वजा केले की ओटीवरची पट्टी हातात आली.

आम्ही ठेवलेल्या चित्रात, 1216 बाय 832 पिक्सेलच्या, ओटीच्या जमिनीपासून क्षितिजरेषा दाराच्या जागी 156 पिक्सेलवर होती. म्हणजे 105 सें.मी.ना 156 पिक्सेल. दार 250 पिक्सेल भरलं. 250 गुणिले 105 भागिले 156, उत्तर 168 सें.मी. बाई 230 पिक्सेल, म्हणजे 155. खुर्चीची बैठक 65 पिक्सेल, म्हणजे 44 च्या जवळ. तीन वस्तू तीन वेगळ्या वाटांनी त्याच पट्टीवर आल्या, तेव्हा चित्र खरं मानलं. हे मोजताना क्षितिजरेषेचं अंतर दाराच्या पायाशीच मोजावं लागतं. ओटीच्या पुढच्या कडेशी मोजलं तर अंतर जास्त येतं आणि दार आपोआप लहान ठरतं.

पण असं चित्र नुसत्या प्रॉम्प्टवर मिळालं नाही, हेही सांगायला हवं. डोक्यांची ओळ मोडा, ओटी अंगणापेक्षा उंच आहे, असं शब्दांत लिहून अर्धवट फरक पडला. शेवटी स्केचअपमध्ये साधे ठोकळे उभे केले: जोतं 45, दाराची भोकाची जागा 168, ओटीचे खांब, छताचा उतार, आणि दाराशेजारी 155 सें.मी.चा माणसाच्या आकाराचा पुठ्ठा. कॅमेरा अंगणात दीड मीटरवर. त्यावरून डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग किती जवळ-लांब ते दाखवणारं करडं चित्र, काढून कंट्रोलनेटला दिला, जे नवं चित्र त्याच आकारात बसवतं. तासाभराचं काम. कौलं, नक्षी, चिऱ्याचे सांधे काहीच काढलं नाही, ते प्रणालीचं काम.

इथे कुणालाही वाटेल की ठोकळे दिल्यावर प्रॉम्प्टमधल्या मापाच्या ओळी नकोत. काढून बघितल्या. डेप्थ मॅपचं वजन, म्हणजे तो किती काटेकोर पाळायचा तो आकडा, 0.7 च्या आसपास असताना दाराची बाह्यरेषा जागेवर राहिली, पण तिच्या वर प्रणालीने एक झडपेची खिडकी जोडली आणि दोन्ही मिळून पुन्हा सात-आठ फुटी दारासारखं दिसायला लागलं. पुठ्ठ्याच्या जागी बाईऐवजी शाळकरी मुलगी आली. डेप्थ मॅपला आकार कळतो, ती आकृती कुणाची आहे हे कळत नाही. मोठी बाई आणि ठेंगणं दार, हे सांगायला शब्दच लागतात. वजन 1 पर्यंत नेलं तर खिडकी गेली, पण ठोकळ्यांच्या कडा चित्रात उमटल्या आणि जुन्या घराच्या भिंती सिमेंटच्या नव्या गिलाव्यासारख्या सपाट झाल्या. ओळी ठेवून वजन 0.7 हेच बरं पडलं.

कौलांकडेही एकदा बघून घेतलं. मंगळुरी कौल साधारण 40 सें.मी. लांब असतं, म्हणजे बाईच्या उंचीच्या पावपटीएवढं. वळचणीला कौलं तळहाताएवढी आली तर बाई कितीही बरोबर असली तरी घर दुमजली वाटतं. चिऱ्याचे थर मोजून मात्र फसायला होतं. या घरात थर सांध्यासकट सुमारे 20 सें.मी.चा, म्हणजे दाराला आठ थर आणि वर थोडं. प्रणालीला आठ मोजता येत नाहीत, कधी सहा येतात कधी अकरा. ते आम्ही मागून हाताने दुरुस्त केलं.

चित्र मालकांकडे गेलं, सोबत दाराचा मापाचा नकाशा. सुतारासाठी चित्राचा उपयोग शून्य, त्याला नकाशाच लागतो. भाच्याने चित्र बघून विचारलं ते वेगळंच: आत दिवा कुठे लावणार, वाकलेल्या माणसाला उंबरा दिसला पाहिजे ना. चौकट राहिली. उंबऱ्यावर उजेड पडेल असा दिवा माजघराच्या बाजूने खाली घ्यायचा ठरलं.

घराच्या मागच्या अंगाला गोठा आहे, त्याचंही असंच चित्र हवं होतं. तिथे जमीन उताराची आहे, गोठ्याच्या दाराशी एक पातळी, कॅमेऱ्याच्या पायाशी दुसरी, मधे पायऱ्याही नाहीत. किती वजा करायचे ते प्रत्येक पावलाला बदलतं, त्यामुळे दोन पातळ्यांतला फरक मोजल्याशिवाय क्षितिजरेषेचा हिशेब लागू होत नाही. तिथे दाराला टेकून माणूस उभा करून दोघांचं प्रमाण बघणं एवढीच पट्टी उरते, आणि ठोकळे उभे करायचे तर आधी उताराची लेव्हल घ्यावी लागते. ती पावसाळा संपल्यावर घेणार आहोत.